१२ केबीत लाखो व्हिजिटर, ४०० केबीत सगळे शोध: हायपरलॉगलॉग आणि काउंट-मिन कसे वापरायचे

प्रश्न: पंचगंगेची पाणीपातळी, बंद रस्ते आणि गावनिहाय परिस्थिती दाखवणारी आमची छोटी साइट आहे, कोल्हापुरातूनच चालवतो. सर्व्हर १ जीबी रॅमचा. रोजच्या युनिक व्हिजिटरचा एक सेट आणि प्रत्येक गावाच्या पानाचा वेगळा सेट रेडिसमध्ये ठेवतो. पुराच्या आठवड्यात मेमरी भरली आणि साइट बसली. हायपरलॉगलॉग १२ केबीत मोजतं म्हणतात, ते कसं? आकडा जाहिरातदाराला सांगण्याइतका खरा असतो का? लोक सर्वांत जास्त काय शोधतात तेही त्यातूनच कळेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही कळणार. ‘किती वेगवेगळी माणसं आली’ हे हायपरलॉगलॉगचं काम आणि ‘कुठली गोष्ट किती वेळा आली’ हे काउंट-मिन स्केचचं. पहिलं आपल्या प्रत्येक कप्प्यात फक्त आतापर्यंतची सर्वांत मोठी नोंद ठेवतं, दुसरं बेरीज करत जातं. तीच नोंद दोनदा गेली तर काय होतं आणि चूक कशाच्या प्रमाणात वाढते, हे सगळं या एका फरकातून निघतं.

मेमरी कशाने भरली ते आधी बघू. ३२ अक्षरांचा आयडी रेडिसच्या सेटमध्ये ठेवला की आजूबाजूचा पसारा धरून ढोबळमानाने ८० ते १०० बाइट जातात. ३ लाख माणसांचे २५-३० एमबी झाले. एवढ्याने १ जीबी भरत नाही. भरली ती गावांच्या सेटमुळे. तोच माणूस शिरोळचं पान उघडतो, नृसिंहवाडीचं उघडतो, कुरुंदवाडचं उघडतो आणि त्याचा आयडी तिन्ही ठिकाणी परत साठतो. त्यात सात दिवस धरा.

हायपरलॉगलॉग आयडी साठवतच नाही. प्रत्येक आयडीचा ६४ बिटांचा हॅश काढतं. चांगल्या हॅशमधला प्रत्येक बिट नाणं उडवल्यासारखा ० किंवा १ येतो. रेडिसमध्ये यातले १४ बिट कप्प्याचा नंबर ठरवतात, म्हणजे कप्पे झाले १६,३८४. उरलेल्या ५० बिटांत पहिला १ कितव्या जागी आला एवढंच बघायचं. समजा एका मोबाइलच्या आयडीचा कप्पा आला ५,२०७ आणि उरलेले बिट `00010110…` असे सुरू झाले. पहिला १ चौथ्या जागी आहे. कप्पा ५,२०७ मध्ये आधी २ असेल तर आता ४ लिहायचं, ६ असेल तर हात लावायचा नाही.

आता तोच माणूस पाणी किती वाढलं म्हणून रात्रभर दर दहा मिनिटांनी पान रिफ्रेश करतो. हॅश तोच, कप्पा तोच, नोंद चारच, त्यामुळे काहीही बदलत नाही. युनिक मोजण्यासाठी वेगळी अशी कुठलीच युक्ती आत नाही, ‘सर्वांत मोठी तेवढी ठेव’ या नियमाने ते आपोआप होतं. नोंद जास्तीत जास्त ५१ पर्यंत जाऊ शकते, म्हणून एका कप्प्याला ६ बिट पुरतात. १६,३८४ गुणिले ६ बिट म्हणजे १२,२८८ बाइट, हेच ते १२ केबी. माणसं ३ लाख आली काय आणि ३ कोटी आली काय, जागा तेवढीच.

नोंदीवरून संख्या कशी येते? पहिला १ दहाव्या जागी येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक असते. म्हणजे एखाद्या कप्प्यात १० दिसले तर त्यात हजारेक वेगवेगळे आयडी येऊन गेले असावेत असा अंदाज. पण एका कप्प्याच्या अंदाजावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, कारण एखादा आयडी नशिबाने लांबलचक शून्यं घेऊन येतो. म्हणून सगळ्या कप्प्यांची सरासरी काढतात, आणि तीही साधी नव्हे, हरात्मक. चारच कप्पे आहेत असं धरून बघा, नोंदी ३, ४, ३, ३. साध्या सरासरीने `(8+16+8+8)/4 × 4`, म्हणजे ४०. हरात्मकाने `16/(1/8+1/16+1/8+1/8)`, म्हणजे ३६.६. आता शेवटच्या कप्प्यात असा एक आयडी आला की नोंद ३ ची १० झाली. आलं एकच नवीन माणूस, पण साधी सरासरी ४० वरून १,०५६ वर उडी मारते. हरात्मक ३६.६ वरून ५१ वर जाते. कप्पे चारऐवजी १६,३८४ असले की असा एखादा आयडी दिसतही नाही. वर एक स्थिरांक गुणावा लागतो, तो रेडिस करतं.

कप्पे बहुतेक रिकामे असताना मात्र हा हिशोब गडबडतो. २००७ सालच्या मूळ पेपरात त्यासाठी दुसरा मार्ग दिला आहे: रिकामे कप्पे मोजायचे आणि `m·ln(m/V)` काढायचं, `m` म्हणजे एकूण कप्पे आणि `V` म्हणजे रिकामे. १६,३८४ पैकी १५,४०० रिकामे असतील तर उत्तर साधारण १,०१५ येतं. तुमच्या छोट्या गावांच्या पानांना हीच अडचण येते, आताचं रेडिस ती स्वतःच्या सुधारित हिशोबाने सांभाळतं. शिवाय रेडिस सुरुवातीला कप्पे आवळून ठेवतं, त्यामुळे शे-दोनशे माणसांच्या पानाला पूर्ण १२ केबी लागतच नाहीत. (खाली येणाऱ्या आज्ञांच्या सुरुवातीचं `PF` कसलं, असं नवीन पोरं हमखास विचारतात. या पद्धतीमागचे फ्रेंच गणिती फिलिप फ्लाजोले यांच्या नावाची ती आद्याक्षरं.)

तुमच्याकडे मी दिवसाऐवजी तासाची की ठेवीन:

```
PFADD v:2024-07-26:09 7f3a91c2
PFCOUNT v:2024-07-26:09
PFCOUNT v:2024-07-26:09 v:2024-07-26:10
PFMERGE v:9-10 v:2024-07-26:09 v:2024-07-26:10
```

तिसऱ्या ओळीत दोन तासांत मिळून आलेली वेगवेगळी माणसं मिळतात. नऊला आणि दहाला दोन्ही वेळा आलेला माणूस एकदाच धरला जातो, कारण जोडताना प्रत्येक कप्प्यातली मोठी नोंद घेतली जाते. दिवसाचा आकडा हवा तर चोवीस की एकत्र जोडा, आठवड्याचा हवा तर सगळ्या दिवसांच्या. रोजचे आकडे नुसते मिळवून ‘आठवड्याचे युनिक’ म्हणून कधी देऊ नका. पुराच्या काळात तीच माणसं रोज येतात, त्यामुळे ती बेरीज खऱ्याच्या कितीतरी पट होते.

तासाची की ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. हायपरलॉगलॉगमधून एखादा आयडी काढून टाकता येत नाही. रात्री दोन वाजता एखादा बॉट येऊन प्रत्येक विनंतीला नवा आयडी देत सुटला तर त्याने वाढवलेल्या नोंदी खाली येणार नाहीत. दिवसाची एकच की असेल तर तो दिवस गेला. तासाची असेल तर तो एक तास वगळून बाकीचे जोडता येतात, आणि ती की पुसून त्या तासाची लॉग फाइल गाळून परत भरता येते. परत भरताना काही नोंदी दोनदा गेल्या तरी बिघडत नाही, हे वर आलंच आहे. चोवीस तासांचे जास्तीत जास्त २८८ केबी होतात, तेवढे परवडतात. गावांच्या पानांना मात्र दिवसाची की पुरे.

आता जाहिरातदाराचा आकडा. प्रमाणित चूक `1.04/√m` असते आणि रेडिसमध्ये ती ०.८१ टक्के येते. ३ लाखांवर ती सुमारे २,४०० झाली. तीनपैकी दोन वेळा आकडा या हद्दीत असतो, आणि वीसपैकी एकोणीस वेळा याच्या दुपटीत, म्हणजे ४,९०० च्या आत. ‘सुमारे ३ लाख’ बिनधास्त सांगा. ‘३,०१,८४६’ असं सांगू नका, त्यातले शेवटचे तीन अंक निरर्थक आहेत. आणखी एक गैरसमज असतो: `PFCOUNT` पुन्हा पुन्हा चालवून सरासरी काढली की चूक कमी होईल. होत नाही. त्याच आयडींना दरवेळी तेच उत्तर येतं, चूक त्या कप्प्यांतच गोठलेली असते.

एक हिशोब मात्र यावर अजिबात करू नका. ‘२५ तारखेलाही आले आणि २६ तारखेलाही आले असे किती’ हे काढायला लोक दोन दिवसांची बेरीज करून त्यातून जोडलेला आकडा वजा करतात. समजा पहिल्या दिवशी ३ लाख, दुसऱ्या दिवशी २ लाख आणि दोन्ही दिवस आलेले खरे फक्त ५,०००. म्हणजे जोडलेला आकडा ४,९५,०००, आणि त्या एकट्याची प्रमाणित चूक ४,००० च्या आसपास. मूळ दोन आकड्यांच्या चुका वेगळ्याच. उत्तर ५,००० ऐवजी ० किंवा १०,००० आलं तरी नवल नाही, कधी कधी उणेही येतं. दोन दिवसांतली सामाईक माणसं दीड-दोन लाख असतील तर ही वजाबाकी चालून जाते. सामाईक आकडा लहान असेल तर ती फेकून द्या.

या ०.८१ टक्क्यापेक्षा मोठी चूक तुमच्या आयडीत बसलेली असते. आयपी पत्ता हा आयडी धरला असेल तर मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे पुष्कळ फोन ठेवतात, म्हणून माणसं कमी दिसतील. कुकी धरली असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या आतून उघडलेलं पान आणि क्रोममधलं पान वेगवेगळं मोजलं जाऊ शकतं, म्हणून जास्त दिसतील. मी कुकी घेतो आणि आकड्यापुढे ‘माणसं’ न लिहिता ‘ब्राउझर’ लिहितो.

आता शोध. इथे पहिली गोष्ट ही की गावांच्या पानांची क्रमवारी हवी असेल तर काउंट-मिन नको. बारा तालुक्यांतली सगळी गावं घेतली तरी यादी बंदिस्त आहे. `ZINCRBY` ने साधी मोजणी करा. काही शे केबीत तंतोतंत आकडे मिळतील. काउंट-मिन लागतं ते शोधपट्टीसाठी, कारण तिथे लोक काय टाइप करतील याला अंत नाही: ‘राजाराम बंधारा’, ‘rajaram bandhara level’, ‘बालिंगा पूल चालू आहे का’, ‘केर्ली रस्ता’, ‘चिखली पाणी’. प्रत्येक वेगळ्या वाक्याला एक की दिली तर तुमची मेमरी परत भरेल.

काउंट-मिन म्हणजे काउंटरच्या काही ओळी. समजा पाच ओळी, प्रत्येकीत २०,००० रकाने. शोध आला की प्रत्येक ओळीच्या वेगळ्या हॅशने एक रकाना निघतो आणि त्या पाचही रकान्यांत १ मिळवायचा. विचारताना त्याच पाच रकान्यांतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा. रकाने थोडे आणि शोध बेसुमार, म्हणून एकाच रकान्यात दुसऱ्यांचेही आकडे पडतात. ‘राजाराम बंधारा’च्या पाच रकान्यांत समजा ६१,२४०, ६०,११५, ६०,९८०, ६०,३०२ आणि ६०,१३० आहेत. प्रत्येकात थोडी परक्यांची भर आहे, कुठेच घट नाही. म्हणून सर्वांत लहान, म्हणजे ६०,११५, हा खऱ्याच्या सर्वांत जवळचा. खरा आकडा याहून जास्त असूच शकत नाही.

ही रचना ग्रॅहम कॉरमोड आणि एस. मुथुकृष्णन यांची. तिच्या चुकीची हमी अशी: रकाने `w` आणि ओळी `d` असतील तर जादा भर `e·N/w` पेक्षा मोठी नसण्याची खात्री `1 − e^(−d)` इतकी असते, `N` म्हणजे आतापर्यंतचे एकूण शोध. पाच ओळींना ही खात्री ९९.३ टक्के. आठवड्यात २० लाख शोध झाले आणि रकाने २,००० ठेवले तर भर २,७१८ पर्यंत जाऊ शकते. २०,००० ठेवले तर २७२ पर्यंत. चार बाइटचा एक काउंटर धरला तर २०,००० रकान्यांना ४०० केबी लागतात. म्हणून मी २०,००० म्हटलं.

या हमीतली मेख नीट बघा. हायपरलॉगलॉगची चूक उत्तराच्या प्रमाणात असते, काउंट-मिनची एकूण वाहतुकीच्या प्रमाणात. ६०,००० वर २७२ ची भर म्हणजे अर्धा टक्काही नाही. पण तीनच वेळा शोधलेल्या वाक्यालाही तीच मर्यादा लागू आहे, आणि ते ८० वेळा शोधलं असं दिसू शकतं. म्हणून ‘फार कमी शोधले गेलेले रस्ते कुठले’ असला प्रश्न याला विचारायचाच नाही. `N` वाढत जातो तशी भरही वाढते, त्यामुळे पावसाळाभर एकच तक्ता चालवू नका. रोज नवा घ्या. आठवड्याचा हवा तर सारख्याच मापाच्या आणि सारख्याच हॅशच्या तक्त्यांतले आकडे रकान्याला रकाना मिळवले की झालं.

रेडिस ८ मध्ये `CMS.INITBYDIM`, `CMS.INCRBY` आणि `CMS.QUERY` आतच येतात, आधीच्या आवृत्त्यांना वेगळं मॉड्यूल लावावं लागतं. ते जमत नसेल तर पायथनमध्ये एवढंच पुरतं:

```python
from array import array
import hashlib
W, D = 20000, 5
T = [array('I', [0]) * W for _ in range(D)]

def cells(s):
    h = hashlib.blake2b(s.encode(), digest_size=16).digest()
    a = int.from_bytes(h[:8], 'big')
    b = int.from_bytes(h[8:], 'big') | 1
    return [(a + i * b) % W for i in range(D)]

def add(s):
    c = cells(s)
    for r in range(D):
        T[r][c[r]] += 1
    return min(T[r][c[r]] for r in range(D))
```

इथे पायथनचं स्वतःचं `hash()` वापरायचा मोह होतो. ते प्रोसेस नव्याने सुरू झाली की मजकुरासाठी वेगळे आकडे देतं. तक्ता डिस्कवरून परत चढवला तरी कालचा सर्वांत वरचा शोध आज किरकोळ दिसायला लागतो. असं दिसलं की हॅशकडे बोट दाखवा.

तक्त्याला नावं माहीत नसतात, फक्त आकडे माहीत असतात. ‘सर्वांत वरचे ५० दाखव’ असं त्याला म्हणता येत नाही. म्हणून शेजारी ५० नावांची एक छोटी यादी ठेवा. `add` ने परत दिलेला आकडा यादीतल्या सर्वांत लहानापेक्षा मोठा असेल तर ते नाव आत आणि लहान बाहेर. नाव आधीच यादीत असेल तर त्याचा आकडा ताजा करा.

इथे बेरजेचा परिणाम जाणवतो. अ‍ॅपने उत्तर वेळेत आलं नाही म्हणून तोच शोध परत पाठवला तर `PFADD` ला फरक पडत नाही, पण इथे तो दोनदा धरला जातो. आणि पुरात रेंज गेलेल्या भागातूनच जास्त रीट्राय येतात, म्हणजे नेमकी पाण्यातली गावं फुगलेली दिसतील. प्रत्येक शोधाला अ‍ॅपनेच एक नंबर द्यावा आणि सर्व्हरने तो नंबर काही मिनिटं लक्षात ठेवून दुसऱ्यांदा आलेला टाकून द्यावा. `SET key 1 NX EX 300` एवढ्यात ते होतं.

तक्ता किती गढूळ झालाय ते चालू असतानाच कळतं. कोणीही कधीच शोधणार नाही अशी वीसेक अर्थहीन अक्षरजुळणी ठरवून ठेवा, `zxq81-kk` असली. ती कधी मोजायची नाहीत, फक्त विचारायची. खरं उत्तर शून्य, त्यामुळे जो आकडा येईल ती निव्वळ भर. वीसही जुळण्या ४० च्या आत असतील तर हजारांतले आकडे निर्धास्त वापरा. त्या ५०० दाखवायला लागल्या तर यादीच्या तळातली नावं खोटी असण्याची शक्यता आहे, आणि उद्या रकाने वाढवायला हवेत. हायपरलॉगलॉगची तपासणी याहून सोपी: एखाद्या शांत दिवसाच्या लॉगमधून आयडीचा रकाना काढून `sort -u | wc -l` चालवा आणि `PFCOUNT` शी ताडून बघा. दोन-अडीच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर तो हायपरलॉगलॉगचा नसतो. बहुतेकदा एका ठिकाणी आयडी मोठ्या लिपीत आणि दुसरीकडे छोट्या लिपीत जात असतो.

मराठी शोधांना एक जादा काम आहे. दोन्ही रचनांना अर्थ कळत नाही, फक्त बाइट कळतात. ‘कऱ्हाड’ मधला ऱ्ह कोणी ऱ ला हलन्त लावून टाइप करतो, कोणी साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारा जोडक टाकतो. पडद्यावर सारखंच दिसतं, हॅश मात्र वेगळा. युनिकोडच्या `NFC` या प्रमाण रूपाने एकसंध ऱ आणि र-नुक्ता ही ऱ ची दोन रूपं एक होतात, पण तो जोडक तसाच राहतो. म्हणून आधी र, हलन्त, जोडक या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, मग उरलेले `U+200D` आणि `U+200C` काढा, मग `NFC`, मग कडेच्या आणि दुहेरी जागा साफ करा, आणि रोमन असेल तर सगळं छोट्या लिपीत आणा. हा क्रम उलटा केला, म्हणजे जोडक आधीच उडवला, तर र्ह आणि ऱ्ह यांतला भेद पुसला जातो आणि दोन्ही रूपं कधीच एकत्र येत नाहीत. ‘chikhli’ आणि ‘चिखली’ एक करायचे असतील तर ते मोजायच्या आधी तुमच्या गावांच्या यादीवरून करा, तक्त्यात गेल्यावर ते वेगळे काढून जुळवता येणार नाहीत.